ओआयची भिंत आणि अंतराचा हिशेब

“ऑप्शन चेन उघडा. कॉलचा ओआय ज्या स्ट्राइकवर सर्वांत जास्त तो रेझिस्टन्स, पुटचा जिथे सर्वांत जास्त तो सपोर्ट. तिथे मोठ्या रायटरांचे कोट्यवधी रुपये लागलेले असतात, ते भावाला पलीकडे जाऊच देत नाहीत. शंभरातल्या नव्वद वेळा एक्स्पायरी या दोन भिंतींच्या आतच होते. तेव्हा भिंतीवर विका आणि स्वस्थ बसा.”

लाल-हिरव्या पट्ट्यांच्या आलेखासह हा मजकूर पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांत दर आठवड्याला नव्या आकड्यांनिशी फिरत असतो. यातला ओआय म्हणजे ओपन इंटरेस्ट, न मिटलेले करार; स्ट्राइक म्हणजे ऑप्शनच्या करारात ठरलेला भाव आणि रायटर म्हणजे ऑप्शन विकणारा. मजकुरातले शेवटून दुसरे वाक्य मी आधी घेतो, कारण वाचणाऱ्याचा विश्वास बसतो तो त्याच्यावर, आणि गंमत म्हणजे ते वाक्य पुष्कळदा खरे असते. ते ज्या कारणाने खरे असते, ते कारण मात्र त्या मजकुरात कुठेच नाही.

समजा, बुधवारी बाजार बंद होताना निफ्टी २५,००० वर आहे आणि साप्ताहिक एक्स्पायरी पुढच्या मंगळवारी आहे. म्हणजे गुरुवार, शुक्रवार, सोमवार आणि मंगळवार अशी व्यवहाराची चार सत्रे शिल्लक आहेत. इंडिया व्हिक्स १३ आहे. व्हिक्स हा निफ्टीच्या अपेक्षित चढउताराचा वर्षाच्या हिशेबाने मांडलेला टक्का असल्यामुळे त्याला २५२ च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण १५.९ ने भागले की एका दिवसाची अपेक्षित हालचाल सुमारे ०.८२ टक्के येते. चार दिवसांसाठी तिला चारने नव्हे, तर चारच्या वर्गमुळाने, म्हणजे दोनाने गुणायचे. उत्तर येते १.६४ टक्के, म्हणजे सुमारे ४१० अंक. हे एक प्रमाणित अंतर झाले. बाजार कोणत्याही भिंतीची पर्वा न करता नुसता भरकटत राहिला, तरी एक्स्पायरीचा आकडा दोन्ही बाजूंच्या ४१० अंकांच्या आत राहण्याची शक्यता साधारण ६८ टक्के असते. हद्दी ५०० अंकांवर धरल्या, म्हणजे २४,५०० आणि २५,५०० घेतले, तर ती ७८ टक्क्यांच्या आसपास जाते, आणि हद्दी ७०० अंकांवर नेल्या की ९१ टक्के होते.

ते ‘नव्वद वेळा’ येते ते इथून. मागल्या काही आठवड्यांतल्या भिंती स्पॉटपासून, म्हणजे निफ्टीच्या चालू भावापासून, पुरेशा लांब असल्या की बहुतेक वेळा त्या ‘टिकणारच’, आणि त्या टिकण्याचे श्रेय रायटरांना देण्याचे काही कारण नाही. त्याच अंतरावरची, पण जिथे ओआय नावालाही नाही अशी स्ट्राइक घेतली असती, तर तीही तितक्याच वेळा टिकली असती. शिवाय व्हिक्समध्ये धरलेली हालचाल प्रत्यक्ष हालचालीपेक्षा सर्वसाधारण आठवड्यांत थोडी जास्तच असते. त्यामुळे टिकण्याचे प्रमाण हिशेबापेक्षा चार घरे पुढे आले, तरी त्याने भिंत सिद्ध होत नाही. भिंतीचा दावा खरा ठरायचा असेल तर ‘किती वेळा टिकली’ हे सांगून भागणार नाही. ‘अंतरामुळे जितक्या वेळा टिकायला हवी होती त्याहून किती जास्त वेळा टिकली’ हे सांगावे लागेल, आणि हा दुसरा आकडा देणारा मजकूर माझ्या पाहण्यात आलेला नाही.

‘भिंतीवर विका’ हा सल्लाही याच हिशेबात अडकतो. वरच्याच उदाहरणात २५,५०० चा कॉल घ्या. तो एक्स्पायरीला शून्य होण्याची शक्यता सुमारे ८९ टक्के आहे, म्हणजे नऊपैकी आठ आठवडे विकणाऱ्याला पूर्ण प्रीमियम मिळेल. पण व्हिक्सच्या याच मापाने त्या कॉलचा रास्त भाव काढला तर तो अवघा २२ रुपये येतो, आणि ज्या नवव्या आठवड्यात बाजार २५,५०० च्या वर बंद होतो त्या वेळी तो सरासरीने सुमारे १९८ अंक वर असतो. ६५ च्या लॉटला दर आठवड्याचा प्रीमियम १,४३० रुपये. नऊ आठवड्यांचा मिळून १२,८७०. नवव्या आठवड्यात द्यावे लागतात १९८ गुणिले ६५, म्हणजे १२,८७० च. ब्रोकरेज, एसटीटी आणि इतर आकार वेगळे. नऊपैकी आठ वेळा बरोबर ठरूनही हाती काही उरत नाही, कारण भिंत लांब आहे ही गोष्ट प्रीमियमने आधीच हिशेबात धरलेली असते. विकणाऱ्याला वरकमाई हवी असेल तर त्याच्याकडे प्रीमियममध्ये नसलेली काहीतरी माहिती असायला हवी, आणि सगळ्यांना दिसणारा ओआयचा रकाना ही तशी माहिती नव्हे.

म्हापशाचे एक औषधविक्रेते माझ्या परिचयाचे आहेत. ते हे सगळे एका वहीत नीट मांडून ठेवतात आणि त्यांच्या शेवटच्या रकान्यात ‘टिकली’ हा शब्द फार वेळा दिसतो. त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली तेव्हा एका आठवड्याच्या ओळीत बुधवारी लिहिलेला २५,५०० हा आकडा खोडून त्यावर २६,००० लिहिलेले दिसले. विचारले तेव्हा ते म्हणाले, “शुक्रवारी निफ्टी २५,३९० वर गेला ना, तेव्हा कॉलचा सर्वांत मोठा ओआय २६,००० वर सरकला. म्हणजे रायटर वर गेले.” त्या आठवड्याची एक्स्पायरी २५,६१० वर झाली. बुधवारच्या आकड्याप्रमाणे भिंत पडली होती, शुक्रवारच्या आकड्याप्रमाणे ती उभी होती, आणि वहीत नोंद झाली होती ती शुक्रवारची. गृहस्थ प्रामाणिक आहेत, लबाडीचा यात लवलेश नाही. पण ज्या पद्धतीत भाव पुढे गेला की भिंतही पुढे सरकवता येते, त्या पद्धतीत हरण्याची सोयच नसते. भिंत ओलांडून भाव पुढे गेलाच तर ‘शॉर्ट कव्हरिंग झाले’ हे स्पष्टीकरण वेगळे तयार असते.

भिंत अशी का सरकते, यामागे रायटरांचा काही डाव नाही. लोकांना स्वस्त ऑप्शन हवे असतात. स्पॉटच्या खालचे कॉल महाग पडतात आणि त्यांत घेणारे-देणारेही कमी असतात, म्हणून कॉलचे बहुतेक व्यवहार स्पॉटच्या वरच्या स्ट्राइकवर होतात आणि पुटचे खालच्या. त्यातही ५०० आणि १,००० च्या पटीतल्या स्ट्राइकवर नेहमीच जास्त गर्दी असते, कारण तिथे सौदा चटकन आणि कमी फरकाने होतो. त्यामुळे कॉलचा सर्वांत मोठा पट्टा वर आणि पुटचा खाली दिसणे हा ऑप्शन बाजाराच्या रचनेचाच परिणाम आहे. भाव जिकडे जाईल तिकडे ही दोन टोके त्याच्यामागे जातात. त्यांना भावाची हद्द म्हणणे म्हणजे कार्यकारण उलटे लावणे होय.

आता तिथे ‘कोण बसले आहे’ हा मुद्दा. ओपन इंटरेस्ट म्हणजे न मिटलेल्या करारांची संख्या, आणि प्रत्येक करारात एक विकणारा तसाच एक घेणाराही असतो. वाळपईच्या एखाद्या काजू बागायतदाराने आणि व्यापाऱ्याने शंभर पोत्यांचा आगाऊ सौदा केला, तर त्या शंभर या आकड्यावरून भाव पडेल अशी भीती बागायतदाराला होती की भाव चढेल अशी धास्ती व्यापाऱ्याला होती, हे कळत नाही. ओआयचा पट्टा याहून जास्त काही सांगत नाही. २५,५०० च्या कॉलवर एक लाख करार दिसले म्हणजे एक लाख विकलेले आणि एक लाखच घेतलेले. विकणाऱ्यांत कोणाकडे शेअर आहेत आणि त्यावर कॉल विकलेला आहे. कोणी २५,३०० चा कॉल घेऊन २५,५०० चा विकला आहे, म्हणजे त्याला भाव वर गेलेला हवाच आहे. कोणी फ्युचर घेऊन जोखीम मिटवलेली आहे. यांपैकी कोणालाही २५,५०० ‘राखण्यात’ रस नाही. आणि ज्यांना असेल त्यांचीही रेषा एक नाही: २२ रुपयांना विकणाऱ्याचा तोटा २५,५२२ च्या पुढे सुरू होतो, तर दोन आठवड्यांपूर्वी ९० ला विकलेल्याचा २५,५९० च्या पुढे.

‘मोठे’ लोकच विकणारे असतात हे गृहीतही तपासून पाहण्यासारखे आहे, आणि ते तपासता येते. एनएसई रोज संध्याकाळी सहभागींच्या वर्गवारीनुसार ओपन इंटरेस्ट प्रसिद्ध करते. त्यात Client, DII, FII आणि Pro असे चार वर्ग असतात आणि प्रत्येकाचे कॉल व पुट, घेतलेले व विकलेले, वेगवेगळे दिलेले असतात. ती यादी पाहिली की किरकोळ ग्राहक ज्यात येतात तो Client वर्ग विकणाऱ्यांतही ठळकपणे दिसतो. पण हे आकडे सगळ्या स्ट्राइक मिळून असतात. अमुक स्ट्राइकवर कोण आहे हे त्यातून निघत नाही. म्हणजे ‘२५,५०० वर मोठे रायटर बसले आहेत’ हे वाक्य लिहिणाऱ्याकडे त्याचा पुरावा असूच शकत नाही, मग तो कितीही खात्रीने लिहो.

ऑप्शन चेनमधून विक्रीचा अंदाज बांधायचाच असेल तर ओआय सोडून शेजारच्या रकान्यांकडे पाहावे लागते. CHNG IN OI वाढलेला आणि LTP उतरलेला दिसला की लोक लगेच ‘रायटिंग’ म्हणतात. पण प्रीमियम तर नुसते दिवस सरल्यामुळेही उतरतो. त्यापेक्षा IV चा, म्हणजे प्रीमियममधून निघणाऱ्या अपेक्षित चढउताराचा, रकाना पाहावा. २५,५०० च्या कॉलचा आयव्ही २५,४५० आणि २५,५५० या दोन्हींपेक्षा उघडपणे खाली असेल, तर त्या स्ट्राइकवर विकणारे जास्त उतावीळ आहेत असे म्हणायला थोडा आधार मिळतो. बहुतेक वेळा असा खड्डा दिसत नाही.

‘जाऊ देत नाहीत’ या शब्दांत मात्र सत्याचा एक कण आहे, आणि तो नाकारणे योग्य होणार नाही. ऑप्शनचा धंदा करणाऱ्या संस्था आपली जोखीम फ्युचर घेऊन किंवा विकून सतत समतोल करतात. अशा संस्थेने कॉल घेतलेले असतील, तर भाव वर जाताना तिला फ्युचर विकावे लागतात आणि खाली येताना परत घ्यावे लागतात. तिच्या या व्यवहारांमुळे भाव स्ट्राइकजवळ खेचला जातो. उलट तिने कॉल विकलेले असतील, तर भाव वर जाताना तिला फ्युचर घ्यावे लागतात, आणि ती खरेदी भावाला आणखी वर ढकलते. ओआयचा आकडा दोन्ही वेळा तोच असतो. म्हणजे ज्या पट्ट्याला मजकूर लिहिणारे बांध समजतात, तो उतारही असू शकतो, आणि यांतले काय आहे हे चेनवर लिहिलेले नसते. मजकुरातल्यासारखे मोठे लोक जर खरोखरच विकणारे असतील आणि हेज करत असतील, तर त्यांचे हेजिंग भिंत बांधत नाही, ती पाडायला हातभार लावते. हा उलटा निष्कर्ष सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

हा परिणाम किती मोठा, हेही पाहू. एक लाख करार, सगळे एकाच बाजूला हेज केलेले, असे दाव्याला जास्तीत जास्त सोयीचे गृहीत धरले आणि बुधवारी निफ्टी २५,००० वरून ५० अंक चढला, तर ५०० अंक दूर असलेल्या २५,५०० च्या कॉलसाठी सुमारे २,५०० लॉट फ्युचर इकडेतिकडे करावे लागतील. मंगळवारी शेवटचे दोन तास उरलेले असताना निफ्टी अगदी २५,५०० वर असेल आणि तेवढेच ५० अंक हलला, तर हाच आकडा १६ ते १७ हजार लॉटवर जातो. थोडक्यात, पट्ट्याला काही जोर असलाच तर तो एक्स्पायरीच्या दिवशी, शेवटच्या काही तासांत आणि भाव त्या स्ट्राइकला चिकटलेला असताना असतो. बुधवारी दूरवर दिसणाऱ्या पट्ट्याला तो जोर नसतो, आणि मजकूर तर बुधवारीच फिरायला लागतो.

या विषयावरचे सर्वांत परिचित संशोधन सोफी नी, नील पिअरसन आणि ॲलन पोटेशमन यांचे आहे. ते २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या ज्या शेअरवर ऑप्शन आहेत, त्यांचे बंद भाव एक्स्पायरीच्या दिवशी स्ट्राइकभोवती गोळा होतात असे त्यांना दिसले, आणि हेजची फेरजुळणी हे त्यामागचे एक कारण त्यांनी दाखवले. भिंतवाले या कामाचा आधार घेऊ शकतात, पण त्यातला आकडाही मग घ्यावा लागेल: परिणाम सरासरीने किमान ०.१६५ टक्के होता. २५,००० च्या निर्देशांकावर तो नुसता कल्पून पाहिला तर ४१ अंक होतात. आणि तो वेगवेगळ्या शेअरवर मोजलेला होता, निर्देशांकावर नव्हे. पन्नास कंपन्यांचा निर्देशांक एका स्ट्राइकवर खिळवून ठेवणे त्याहून अवघड असते.

भिंतींवर मोठी बातमी आदळली की काय होते, याचे उदाहरण अजून जुने झालेले नाही. ३ जून २०२४ रोजी, एक्झिट पोलनंतरच्या सोमवारी, निफ्टी २३,२६३.९० वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी लोकसभेची मतमोजणी होती. त्या एका सत्रात निफ्टी २१,२८१.४५ पर्यंत गेला आणि २१,८८४.५० वर बंद झाला, म्हणजे ५.९३ टक्के खाली. २३,२५० पासून २१,३०० पर्यंत ५० अंकांच्या अंतराने चाळीस स्ट्राइक येतात. कोणत्या स्ट्राइकवर पुटचा पट्टा किती उंच होता याचा कसलाही विचार न करता भाव त्या सगळ्यांतून आरपार गेला.

पण या उदाहरणाचा दुसरा भाग मला जास्त बोलका वाटतो. त्या वेळी साप्ताहिक एक्स्पायरी गुरुवारी असे, आणि ६ जूनच्या गुरुवारी निफ्टी सावरून २२,८०० च्या वर बंद झाला. म्हणजे २२,५०० चा पुट त्या आठवड्यात शून्य झाला. वहीत त्याची नोंद होणार ‘टिकली’. प्रत्यक्षात मंगळवारी तो पुट सहाशेहून जास्त अंकांनी आत होता, आयव्ही भडकलेला होता, मार्जिन वाढत होते, आणि नुसता पुट विकून बसलेल्या किरकोळ माणसाने एक तर दुपारीच मोठ्या तोट्यात सौदा मिटवला असणार किंवा मार्जिन भरू न शकल्यामुळे त्याच्या ब्रोकरने तो मिटवला असणार. एक्स्पायरीचा शेवटचा आकडा तेवढा मोजायचा आणि वाटेतला मार्ग मोजायचा नाही, ही त्या ‘नव्वद वेळा’तली दुसरी गफलत आहे. भाव एक्स्पायरीपूर्वी कधीतरी एखाद्या स्ट्राइकला शिवून जाण्याची शक्यता तो शेवटी तिच्यापलीकडे बंद होण्याच्या शक्यतेच्या साधारण दुप्पट असते. म्हणजे २५,५०० च्या ज्या कॉलच्या पलीकडे भाव नऊपैकी एका आठवड्यात बंद होईल, त्याला तो नऊपैकी दोन आठवड्यांत शिवेल. नुसते विकून ‘स्वस्थ बसणे’ कोणाला परवडते, हे यावर ठरते.

एवढे झाल्यावरही कोणाला पट्ट्यांत काहीतरी आहे असे वाटत असेल, तर ते तपासण्याची रीत साधी आहे आणि तिला सशुल्क सॉफ्टवेअर लागत नाही. दर बुधवारी बाजार बंद झाल्यावर सर्वांत मोठा कॉल ओआय असलेली स्ट्राइक, त्या दिवशीचा निफ्टी आणि व्हिक्स लिहून ठेवावा, आणि मंगळवारपर्यंत त्या नोंदीत खाडाखोड करू नये. आकडे सगळे एकाच ठिकाणाहून घ्यावेत, कारण एनएसईच्या पानावर ओआय करारांमध्ये दिलेला असतो, तर अनेक ॲप त्याला लॉटच्या आकाराने गुणून दाखवतात; १,२०,००० आणि ७८ लाख हे एकाच पट्ट्याचे दोन आकडे असू शकतात. मग दोन गोष्टी मोजाव्यात. भाव भिंतीच्या ५० अंक अलीकडच्या स्ट्राइकला पोचल्यावर किती वेळा पुढे भिंतीपर्यंत गेला, आणि भिंतीला पोचल्यावर किती वेळा आणखी ५० अंक पुढे गेला. भिंत खरी असेल तर दुसरे प्रमाण पहिल्यापेक्षा उघडपणे कमी यायला हवे. फरक आढळलाच, तर हीच मोजणी ५०० च्या पटीतल्या पण त्या आठवड्यात सर्वांत मोठा ओआय नसलेल्या स्ट्राइकवर करावी, कारण पूर्णांकी आकड्यांवर लोक विक्रीचे आदेश लावून ठेवतात आणि तिथे भाव अडखळला तर ते श्रेय ओआयचे नसते. भाव दर आठवड्याला भिंतीपर्यंत पोचत नसल्यामुळे अशा नोंदी हळूहळू जमतात. चार-सहा आठवड्यांच्या आकड्यांवरून निकाल काढू नये. म्हापशाच्या त्या गृहस्थांनी वहीत यासाठी दोन नवे रकाने आखले आहेत, आणि शाईच्या पेनाने लिहायला घेतले आहे.